‘नम्र सूचना : नळाला कुलूप लावावे’ – ६ डिसेंबरच्या आसपास ऐकू येणाऱ्या साध्यासुध्या वाक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची इमारत दादरला, शिवाजी पार्कपासून चालत सात मिनिटांवर. मी कमिटीत नऊ वर्षं आहे, त्यातली पाच सेक्रेटरी म्हणून गेली. डिसेंबर लागला की सोसायटीच्या ग्रुपवर, लिफ्टमध्ये आणि गेटपाशी काही ठरावीक वाक्यं फिरू लागतात. मग कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, ‘यात एवढं लागण्यासारखं काय होतं?’ दर वर्षी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

नेमकं कोणत्या वाक्यांबद्दल बोलताय?

एक मेसेज जसाच्या तसा देतो. नाव काढलंय, बाकी काही बदललेलं नाही. तारीख होती ४ डिसेंबर.

‘नम्र सूचना : ५ ते ७ डिसेंबर सर्वांनी काळजी घ्यावी. लहान मुलांना व महिलांना एकटे पाठवू नये. मेन गेट बंद ठेवावे. बाहेरच्या नळाला कुलूप लावावे. स्वच्छता राखावी. आपले सण आपण शिस्तीत साजरे करतो, याचा अभिमान बाळगावा. 🙏’

खाली अकरा जणांचे अंगठे आणि एका काकांची प्रतिक्रिया : ‘पाहुणे येणार म्हणायचे 😄’.

ज्यांना मुंबईची ओळख नाही त्यांच्यासाठी : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं निधन ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागेवर आज चैत्यभूमी आहे. महापरिनिर्वाण दिनी विदर्भ, मराठवाडा आणि राज्याबाहेरूनही लाखो लोक तिथे येतात आणि शिवाजी पार्कात मुक्काम करतात. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. ना बाबासाहेबांचं नाव, ना चैत्यभूमीचं, ना कुठल्या जातीचं. तरी अकरा जणांना तो कळला, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनाही कळला. त्या त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडल्या.

एकेक वाक्य घेतलं तर चूक काय आहे? काळजी घ्या, स्वच्छता राखा, हे तर आपण नेहमीच म्हणतो.

एकेक घेतलं तर काहीच चूक नाही. अशा वाक्यांची बांधणीच तशी असते. लिहिणाऱ्याला पकडायला जावं तर तो एकच वाक्य हातात घेऊन विचारतो, ‘स्वच्छता राखा म्हणणं गुन्हा आहे का?’ म्हणून वाक्यं सुटी करून बघू नयेत, त्यांच्यातला क्रम बघावा. तारीख, मग बायकामुलांना धोका, मग गेट, मग पाणी, मग घाण, आणि शेवटी ‘आपले सण’. चोर, दंगलखोर किंवा साथीचा रोग येणार असता तरी हाच क्रम लागला असता. येणारे कोण आहेत ते न सांगता ते कसे आहेत ते सांगून झालं.

‘आपले’ हा त्यातला सगळ्यात कामसू शब्द. वहिनी त्याच इमारतीत एकवीस वर्षं राहतात, मेन्टेनन्स वेळेवर भरतात आणि गणपतीच्या वर्गणीत दर वर्षी असतात. त्या वाक्यानं त्यांना ‘आपले’मधून अलगद बाहेर ठेवलं, तेही त्यांचं नाव न घेता.

म्हणजे आपलं ‘लेकी बोले सुने लागे’च ना?

जवळचं आहे, पण तेच नाही. त्या म्हणीत सासूला सुनेला टोचायचंच असतं. सुनेला कळलं नाही तर बोलणं वाया गेलं. इथे पहिला श्रोता वेगळा आहे. बोलणारा आपल्यासारख्याच माणसांना खूण करतो, ‘तुम्हालाही तेच वाटतं ना?’, आणि बाकीच्यांना काही कळू नये अशी त्याची अपेक्षा असते. इंग्रजीत याला डॉग व्हिसल म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७६ मध्ये ज्या शिट्टीचं वर्णन केलं, तिचा वरचा सूर माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडे जातो आणि कुत्र्याला मात्र ऐकू येतो. राजकारणातल्या बोलण्यासाठी ही उपमा विसाव्या शतकाच्या अखेरीला रूढ झाली.

मला ती उपमा एका जागी कमी पडते. ज्यांच्याविरुद्ध शिट्टी वाजते त्यांनाही ती ऐकू येतेच, बहुतेकदा सगळ्यांच्या आधी. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून कान तयार झालेले असतात. ऐकू येत नाही ते मधल्या माणसांना, म्हणजे माझ्यासारख्यांना. पहिली तीन-चार वर्षं मीही त्या मेसेजला अंगठाच दिला होता.

मग खरी सूचना आणि असली सूचना ओळखायची कशी?

मी दोन गोष्टी करतो. पहिली, मजकुरात माहिती किती आहे ते बघतो. वाहतूक पोलिसांच्या सूचनेत कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, किती वाजल्यापासून बंद आणि पर्यायी मार्ग कोणता हे लिहिलेलं असतं. ती वाचून तुम्ही गाडी काढायची की लोकलनं जायचं हे ठरवू शकता. वरच्या मेसेजमध्ये एकाही रस्त्याचं नाव नाही, एकही वेळ नाही. तो वाचून फक्त भीती बाळगता येते.

दुसरी गोष्ट जास्त उपयोगी : कॅलेंडर उलटं फिरवायचं. तोच माणूस, तोच फुटपाथ, दुसरी गर्दी. आमच्याकडे गर्दीला तोटा नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जनाचा लोंढा चौपाटीकडे आमच्याच गल्लीतून जातो. शिवाजी पार्कात दसरा मेळावा १९६६ पासून भरतोय. जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार असतो, अर्धा दिवस गाडी हलत नाही. मी त्या मेसेज लिहिणाऱ्यांचे वर्षभरातले जुने मेसेज वर सरकवत बसलो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी फुटपाथवर निर्माल्य, चपला आणि प्लेटा पडल्या होत्या. तेव्हाचं त्यांचं वाक्य : ‘वर्षातून एकदा एवढं चालायचंच! बाप्पा मोरया!’ मॅरेथॉनच्या दिवशी कागदी पेल्यांचा खच पडला होता, त्याचा त्यांनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं ‘स्पिरिट ऑफ मुंबई’.

घाण तीच, रस्ता तोच. एका गर्दीचा उत्साह होतो आणि दुसरीची अस्वच्छता होते. हा फरक दिसला की शब्दकोशाची गरज उरत नाही.

नळाच्या कुलपावरच एवढा भर का? पाण्याची नासाडी होते म्हणून लावलं असेल.

आमचा नळ गेटच्या डाव्या बाजूला, बाहेरच्या भिंतीत आहे. अनंत चतुर्दशीला वॉचमन तिथे निळं पिंप ठेवतो, सोसायटी स्टीलचे पेले देते, आणि गेल्या वर्षी तर कोकम सरबत होतं. त्याच नळाला ५ डिसेंबरला कुलूप. नासाडीचं कारण खरं असतं तर ते पिंप भरतानाही आठवलं असतं.

आणि पाणी ही काही साधी वस्तू नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, हजारो लोक त्यांच्याबरोबर होते. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या एकशेआठ घागरी त्यात ओतल्या. ६ डिसेंबरला येणाऱ्या माणसाला ही गोष्ट पाठ असते, घराघरात सांगितलेली असते. त्याच्यासमोर नळाला कुलूप लावताना ते लावणाऱ्याच्या मनात महाड नसेलही. पण समोरच्याच्या मनात महाड असतंच.

याचंच पुढचं टोक म्हणजे ७ तारखेचा मेसेज. एका वर्षी आला होता : ‘आज सकाळी गेट व फुटपाथ स्वच्छ धुऊन घेतला. शिंपडायचं तेही शिंपडलं 😉’. फुटपाथ धुणं चांगलंच. त्या डोळा मारण्याला मात्र दुसरा अर्थ नाही. तिथे शिट्टी संपून उघड बोलणं सुरू झालं होतं.

आणखी कोणते शब्द कानावर येतात?

मी यादी करत नाही. यादी केली की लोक दुसरा शब्द काढतात. ‘पाहुणे’ हा शब्द आमच्या ग्रुपवर आला तोच ‘गर्दी’वरून टोकाटोकी झाल्यानंतर. पण तीन नमुने बघा, कारण तिन्हींची चाल वेगळी आहे.

‘सरकारी जावई’ हा जुना, विनोदी वाक्प्रचार. तुरुंगातल्या कैद्याला म्हणतात, आरामात राहणाऱ्या बाबूला म्हणतात. त्यामुळे त्याला आडोसा आयता मिळतो. पण दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी, प्रवेशाच्या यादीखाली कोणी ‘जावयांचं काय, त्यांना आहेरच मिळतो’ म्हणालं, तर तिथे कैदी नसतात. तिथे आरक्षणातून प्रवेश घेतलेली मुलं असतात.

‘जय भीमवाले’ यात तर एकही वाईट शब्द नाही. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द आहे. त्याला ‘वाले’ लावलं की नमस्कार जातो आणि जातीचं नाव येतं. ‘वरच्या मजल्यावर जय भीमवाले आलेत’ असं म्हणणारा माणूस ‘खालच्या मजल्यावर रामरामवाले राहतात’ असं कधी म्हणत नाही.

आणि तिसरा, मला सगळ्यात मराठी वाटणारा : ‘तुमच्यात’. भाडेकरूला विचारतात, ‘तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?’ आडनाव सांगितलं की पुढे, ‘म्हणजे कोणते कांबळे?’, ‘मूळ गाव कुठलं?’. जात विचारलीच नाही, फक्त उत्तर काढून घेतलं. गाव खरंच आवडीनं विचारणारे असतात, ते गावाबद्दलच पुढे बोलतात, कुलदैवत, एसटी, आंबे. दुसरे असतात त्यांचा रस उत्तर मिळालं की संपतो. मग ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत.

‘निळं वादळ’ हे ते लोक स्वतःच अभिमानानं म्हणतात. मग आम्ही म्हटलं की का खटकतं?

शब्द कोणाच्या तोंडी आहे आणि त्याच्या पुढेमागे काय आहे यावर ते ठरतं. ‘चैत्यभूमीवर निळं वादळ लोटलं’ हे पोस्टरवर असतं, आणि त्यात आनंद आहे. ‘उद्या वादळ आहे, दारं-खिडक्या लावून घ्या’ हे आमच्या जिन्यात ऐकलेलं आहे. शब्द उसना घेतला, उलटा केला, आणि ‘तेच तर म्हणतात’ ही ढाल फुकटात मिळाली. निळ्या हृदयाच्या इमोजीचंही तसंच. तो कोणी पाठवला, कशाखाली पाठवला हे न बघता अर्थ लावू नका.

तुमची कधी चूक झाली नाही का?

झाली, आणि ती सगळ्यांसमोर झाली. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा ७ डिसेंबरला लिहून गेले : ‘फुटपाथवर पत्रावळी पडल्या आहेत, महापालिकेला कळवावे.’ मी ताडकन लिहिलं, ‘काका, ही तक्रार बरोबर आजच कशी सुचली?’ ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांची सून खाली आली आणि मला त्यांचे जुने मेसेज दाखवले. विसर्जनानंतर तक्रार, दहीहंडीनंतर तक्रार, मॅरेथॉनच्या पेल्यांबद्दल तक्रार, एवढंच काय, आमच्याच सत्यनारायणानंतर द्रोण उचलले नाहीत म्हणून तक्रार. म्हातारा माणूस कचऱ्याच्या बाबतीत सर्वांना समान होता. मी कॅलेंडरची परीक्षा इतरांना सांगत फिरत होतो आणि स्वतःच ती न करता बोललो. दुसऱ्या दिवशी ग्रुपवरच माफी मागितली, कारण आरोपही ग्रुपवरच केला होता.

तेव्हापासून एका वाक्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. निदान दोन-तीन प्रसंग समोर ठेवतो. आणि लिहिणाऱ्यापेक्षा खाली हसलं कोण आणि कशावर, हे आधी बघतो. आजोबांच्या मेसेजखाली कोणीच हसलं नव्हतं. ‘पाहुणे’खाली सात जण हसले होते. पाहुणे या शब्दात विनोद नाही, म्हणजे हसणाऱ्यांनी तो दुसरीकडून आणला.

हे एकाच बाजूनं होतं का?

नाही. ‘साडेतीन टक्के’ हा आकडा कोणाकडे बोट दाखवतो हे महाराष्ट्रात लहान पोराला कळतं, आणि आमच्या इमारतीतल्या एका ब्राह्मण मुलीला कॉलेजात तो ऐकून घ्यावा लागला आहे. त्या आकड्याचीही चाल तीच : आकडा निरुपद्रवी, बोट ठरलेलं. मुंबईत मराठी माणसाला ‘घाटी’ ऐकावं लागतं आणि तोच माणूस पुढच्या वाक्यात दुसऱ्याला ‘भैया’ म्हणतो. हिंदीत भाऊ असा अर्थ असलेला शब्द इथे हिणवायला वापरला जातो. चाल सारखी असली तरी वजन सारखं नसतं. साडेतीन टक्के म्हटल्यावर त्या मुलीला राग आला, पण तिला कुणी पाणी नाकारलं नाही आणि घरही नाकारलं नाही.

असं कोणी बोललं तर करायचं काय?

‘तुम्ही जातीयवादी आहात’ असं म्हणू नका. त्याचं उत्तर तयारच असतं, ‘तुम्हीच सगळीकडे जात बघता’, आणि मग भांडण तुमच्याबद्दल होतं. मी एकच शब्द विचारतो : ‘म्हणजे?’ शांतपणे, आणि मग गप्प बसतो. सांकेतिक बोलण्याला खुलासा सोसत नाही. ‘पाहुणे म्हणजे कोण, काका?’ असं विचारल्यावर काकांना एकतर उघड सांगावं लागतं किंवा मागे घ्यावं लागतं. ते म्हणाले, ‘अहो, गंमत केली.’ मी म्हटलं, ‘समजावून सांगा ना, आम्हीही हसू.’ पुढे काही आलं नाही.

नळाच्या बाबतीत प्रश्न आणखी साधा होता. मीटिंगमध्ये विचारलं, ‘अनंत चतुर्दशीला कुलूप होतं का? नसेल तर आता का?’ आणि हे इतिवृत्तात लिहून घेतलं. कारण सांगायला कोणी उभं राहिलं नाही.

मेसेज लगेच उडवण्याची घाई मी करत नाही. अ‍ॅडमिनला तो सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, पण मग ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ सुरू होतं. आधी तारखेसह स्क्रीनशॉट घेतो. आणि ज्यांना लागलं त्यांना सगळ्यांसमोर ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ असं विचारत नाही. वहिनींना मी आधी तसंच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, साक्षीला मला कशाला बोलावता? वाचता तुम्हालाही येतं.’

पोलिसात जाता येतं का?

अशा वाक्यांवर बहुतेक वेळा नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे १९८९ च्या कायद्यात, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान किंवा जातीवाचक शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोरच्या जागी झालेली असावी लागते. ‘स्वच्छता राखावी’ त्यात बसवणं कठीण, आणि ते कठीण व्हावं म्हणूनच वाक्य तसं रचलेलं असतं. पण सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे. त्यात न्यायालयानं म्हटलं की जातीच्या नावाचा व्युत्पत्तीतला अर्थ न बघता आज लोक तो शब्द कोणत्या अर्थानं वापरतात ते बघायचं. शिवाय घराच्या गेटपाशी झालेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला असंही धरलं. गेटपाशी बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

अ‍ॅडमिनचं विचाराल तर, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सभासदानं टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार ठरत नाही, त्याचाही त्यात समान हेतू असावा लागतो. हे कळल्यावर आमचे एक अ‍ॅडमिन फार निवांत झाले. मला ते आवडलं नाही, पण ते वेगळं.

यंदा बोर्डावर काय लावणार?

लावलंय. मजकूर असा :

‘६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. वाहतूक पोलिसांनी जाहीर केलेले बंद रस्ते व वेळा सोबत जोडल्या आहेत. ५ तारखेला दुपारनंतर गाडी बाहेर काढायची असल्यास त्या बघून काढावी. गेटबाहेरच्या नळाशी पिंप व पेले ५ ते ७ डिसेंबर ठेवले जातील. पिंप भरण्याची पाळी : ५ तारीख दुसरा मजला, ६ तारीख पहिला व तिसरा मजला, ७ तारीख चौथा मजला.’

चौथ्या मजल्यावर ‘पाहुणे’वाले काका राहतात. त्यांनी पाळी बदलून मागितली आहे, ७ ऐवजी ५. कारण विचारलं तर म्हणाले, नात येणार आहे, तिला ६ तारखेला शिवाजी पार्कातले पुस्तकांचे स्टॉल बघायचेत आणि ७ ला तिला पुण्याला सोडायला जायचंय.